चंडीगडचं पेट्रोल मोहालीत महाग का?

चंडीगडच्या एका बाजूला मोहाली आणि दुसऱ्या बाजूला पंचकुला. मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात आणि मधलं चंडीगड केंद्रशासित. तिन्ही शहरं एकमेकांना इतकी चिकटलेली की नवख्या माणसाला सीमा कुठे ओलांडली ते रस्त्यावरून कळत नाही. पेट्रोल पंपावरच्या दराच्या आकड्यावरून मात्र लगेच कळतं. 2025 च्या उत्तरार्धात चंडीगडात पेट्रोल लिटरला 94 रुपये 30 पैसे होतं. मोहालीत गेलं की साडेतीन-चार रुपये जास्त, पंचकुल्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. डिझेलचा फरक त्याहून मोठा, लिटरमागे पाच-सहा रुपयांच्या घरातला.

ज्यांच्याशी हे बोलणं झालं ते गृहस्थ मूळचे सातारा जिल्ह्यातले. लष्करी नोकरीत चंडीमंदिरला आले, निवृत्तीनंतर इथेच राहिले आणि आता शहरातल्या एका सरकारी तेल कंपनीच्या पंपाचा कारभार बघतात. पंपाचं आणि त्यांचं नाव त्यांच्याच इच्छेनं इथे दिलेलं नाही. हिशेब मात्र त्यांनी कागद-पेन घेऊन, आकडे मांडून समजावला.

साहेब, अगदी पहिला प्रश्न. तुमच्या पंपावरचा दर कोण ठरवतं?

आम्ही नाही ठरवत, ताई. लोकांना वाटतं, मालकानं दर ठेवला. तसं नसतं. कंपनी प्रत्येक पंपासाठी दर ठरवते आणि सकाळी सहाला तो लागू होतो. बहुतेक पंपांवर तो कंपनीच्या यंत्रणेतून थेट मशीनमध्ये येतो. रोज दर बदलायची ही पद्धत देशभर 16 जून 2017 ला सुरू झाली. त्याआधी 1 मेपासून पाच शहरांत तिची चाचणी झाली होती. उदयपूर, जमशेदपूर, पुदुच्चेरी, विशाखापट्टणम आणि आपलं चंडीगड. त्यापूर्वी दर पंधरवड्याला बदलायचे.

आता दर रोज बदलू शकतो, म्हणजे रोज बदलतोच असं नाही. मे 2022 पासून मार्च 2024 पर्यंत सरकारी कंपन्यांचा दर जवळजवळ हललाच नाही. मग 15 मार्चला दोन रुपये उतरला. कच्चं तेल मधल्या काळात वर-खाली होतच होतं.

म्हणजे डीलरच्या हातात काहीच नाही?

डीलरला ठरलेलं कमिशन मिळतं. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीला ते वाढलं, आता पेट्रोलला साधारण सव्वाचार-साडेचार रुपये आणि डिझेलला तीन रुपये लिटरमागे पडतात. त्यातून पगार, वीज, बाष्पीभवनाची तूट आणि मालात गुंतलेल्या पैशाचं व्याज निघालं पाहिजे. डीलरनं दर वाढवला तर कंपनी कारवाई करते. खासगी कंपन्यांचं वेगळं, त्या आपला दर आपण लावतात. 2023 च्या उन्हाळ्यात कच्चं तेल उतरलं तेव्हा नायरा आणि जिओ-बीपीनं काही दिवस सरकारी पंपांपेक्षा रुपयानं स्वस्त विकलं होतं. तेल चढलं की त्याच कंपन्या सरकारी पंपांपेक्षा महाग होतात, कारण तोटा सोसायची त्यांची तयारी तितकी नसते.

मग मोहाली आणि चंडीगडमधला फरक कशाचा? माल तर एकाच बाजूनं येतो.

बरोबर, माल एकाच बाजूनं येतो. पानिपतच्या रिफायनरीतून अंबाला आणि पुढे जालंधरपर्यंत इंडियन ऑइलची पाइपलाइन आहे. भटिंड्याला एचपीसीएल आणि मित्तल यांची संयुक्त रिफायनरी आहे. कंपन्या एकमेकींचा मालही उचलतात. पाटी एका कंपनीची आणि पेट्रोल दुसऱ्याच रिफायनरीचं, हे रोजचं आहे आणि त्यात काही गैर नाही, कारण मानक एकच आहे.

फरक आहे व्हॅटचा. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत आलेलं नाही, म्हणून प्रत्येक राज्य आपला कर लावतं. केंद्राचं उत्पादन शुल्क देशभर सारखं, एप्रिल 2025 मध्ये ते पेट्रोलला लिटरमागे 21 रुपये 90 पैसे झालं. त्याच्यावर राज्याचा व्हॅट. तो शुल्क धरून लागतो, म्हणजे करावरही कर. चंडीगडात पेट्रोलचा व्हॅट आहे 15.24 टक्के किंवा लिटरला 12 रुपये 42 पैसे, यातलं जे जास्त असेल ते. शिवाय पैशाभराचा उपकर. पंजाब आणि हरियाणाचे दर याहून जड आहेत. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रानं शुल्क कमी केलं, त्या वेळी चंडीगड प्रशासनानंही व्हॅट बराच खाली आणला, आणि तेव्हापासून हे शहर आजूबाजूपेक्षा ठळकपणे स्वस्त राहिलंय.

हिशेब करून दाखवाल? आमच्या मुंबईशी ताडून.

हे घ्या. चंडीगड 94.30, मुंबई 103.50. दोन्ही 2025 मधले दर. फरक 9 रुपये 20 पैसे. आता दोन्हीकडचा व्हॅट काढून टाकू.

चंडीगडचे 94.30 हे 115.24 टक्के झाले. म्हणून 94.30 ला 1.1524 नं भागायचं. येतात साधारण 81.80. म्हणजे व्हॅट झाला सुमारे साडेबारा रुपये. मुंबईत पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरला 5 रुपये 12 पैसे ठरीव. 1 जुलै 2024 पूर्वी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत तो 26 टक्के होता, मग उर्वरित महाराष्ट्राइतका केला. तर 103.50 मधून आधी 5.12 वजा, उरले 98.38. त्याला 1.25 नं भागलं की 78.70. व्हॅट आणि ते 5.12 मिळून झाले 24 रुपये 80 पैसे.

आता बघा काय दिसलं. राज्याचा कर काढला तर मुंबईचं पेट्रोल 78.70 आणि आमचं 81.80. आमचंच तीन रुपयांनी महाग! मुंबईला बंदर आहे, दारात दोन रिफायनऱ्या आहेत. चंडीगडला समुद्रही नाही, रिफायनरीही नाही. वाहतुकीत मुंबई जिंकते, करात हरते, आणि करातली हार चौपट मोठी आहे.

हा फरक कायम इतकाच राहतो का?

नाही, आणि ‘जे जास्त असेल ते’ या शब्दांचा खेळ इथे सुरू होतो. 15.24 टक्क्यांनी 12.42 रुपये केव्हा होतात? व्हॅट लागण्याआधीची किंमत साडेएक्याऐंशी असते तेव्हा. या दराला आम्ही नेमके त्या रेषेवर उभे आहोत. समजा कंपनीनं मूळ दर दोन रुपये उतरवला. मुंबईत टक्केवारी आहे, म्हणून दोन रुपयांबरोबर त्यांच्यावरचा 25 टक्के करही उतरेल आणि गिऱ्हाइकाला अडीच रुपये सुटतील. चंडीगडात व्हॅट 12.42 च्या खाली जाणार नाही, म्हणून सुटतील दोन रुपये आणि वर थोडे पैसे. दर वाढला तर मात्र उलटं. दोन्हीकडे कर चढेल, पण मुंबईत जास्त वेगानं. अशी तळरेषा हरियाणाच्या करातही आहे. ती सरकारच्या तिजोरीला सांभाळते, आणि तेल स्वस्त झाल्यावर पंपावरचा दर त्या प्रमाणात का उतरला नाही, याचं एक उत्तर तिच्यात असतं.

मोहालीतून तुमच्याकडे पेट्रोल भरायला येणं परवडतं का?

माणूस कसाही इथून जाणार असेल तर परवडतं. मुद्दाम येणार असेल तर मांडून बघा. मोहालीचा फरक पावणेचार रुपये धरू. स्कूटरच्या टाकीत पाच लिटर बसतं, वाचले एकोणीस रुपये. चार किलोमीटर येणं आणि चार जाणं यात स्कूटर पाव लिटरच्या आत पेट्रोल पिते, ते झाले वीस रुपयांच्या आसपास. म्हणजे हाती शून्य. कार 35 लिटर भरते, वाचले 131 रुपये. शहरातल्या रहदारीत 12 चा अॅव्हरेज धरला तर त्याच फेरीला 63 रुपये गेले. उरले सत्तरच्या आत. आणि ट्रक? दोनशे लिटर डिझेल, लिटरमागे साडेपाच. अकराशे रुपये. म्हणून ट्रकवाला वाट वाकडी करतो. सीमेला लागून असलेल्या मोहालीच्या पंपांचा धंदा यानंच बसला आणि तिथले डीलर वर्षानुवर्षं तक्रार करतात. तुमच्याकडे असंच होतं ना, सावंतवाडीकडची माणसं गोव्यात जाऊन टाकी भरतात. 2012 मध्ये पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता, तेव्हा तर फरक लिटरला दहा रुपयांच्या वर गेला होता.

एकाच शहरात, एकाच कंपनीच्या दोन पंपांवर पाच-दहा पैशांचा फरक का दिसतो?

वाहतूक. डेपोपासून पंप किती दूर, त्यानुसार भाडं दरात जमा होतं. चंडीगड लहान, म्हणून इथे ते पैशांतच राहतं. मोठ्या राज्यात ते डोळ्यात भरतं. महाराष्ट्रात सगळ्यात महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचं नाव वारंवार येतं, कारण माल मनमाडजवळच्या पानेवाडीहून शेकडो किलोमीटर टँकरनं जातो. कर मुंबईसारखाच आणि वर ही वाट.

आता मिश्रणाकडे येऊ. लोक म्हणतात, अमुक पंपावरच्या पेट्रोलनं गाडी चांगली चालते, तमुकवर भरलं की दम टाकते. पंपागणिक इथेनॉल कमी-जास्त असतं का?

पंपावर आम्ही काहीही मिसळत नाही, हे आधी लिहा. इथेनॉल डेपोत मिसळलं जातं. तिथे पेट्रोलची टाकी वेगळी, इथेनॉलची वेगळी, आणि टँकर भरताना दोन्ही ठरलेल्या प्रमाणात एकाच वेळी पाइपातून येतात. पंपाच्या टाकीत तयार मिश्रण उतरतं.

फरक दिसायचा तो 2023 मध्ये. फेब्रुवारीत 20 टक्क्यांचं पेट्रोल, ई-20, देशात मोजक्या पंपांवर आलं आणि बाकीच्यांवर दहा टक्क्यांचं होतं. तेव्हा एका चौकात दोन पंप, दोन मिश्रणं, असं खरंच होतं. 2025 पर्यंत साधं पेट्रोल सगळीकडे ई-20 झालं. आज दोन पंपांमधला जो फरक गिऱ्हाइकाला जाणवतो तो बहुतेक वेळा इथेनॉलच्या टक्क्याचा नसतो. टाकीत पाणी आहे का आणि मशीन पूर्ण माप देतं का, यांचा असतो.

इथेनॉल घातलं तरी दर कमी का नाही?

इथेनॉल स्वस्त असतं ही समजूत आहे. 2024-25 साठी सरकारनं ठरवलेले खरेदीचे भाव बघा. सी-हेवी मळीपासूनचं 57 रुपये 97 पैसे, उसाच्या रसापासूनचं 65 रुपये 61 पैसे, मक्यापासूनचं 71 रुपये 86 पैसे. आणि कंपनी दिल्लीच्या डीलरला कर आणि कमिशनाशिवाय पेट्रोल कितीला देत होती? 2024 च्या नोव्हेंबरात 55 च्या आसपास. म्हणजे मिसळलेला माल आपल्या मूळ पेट्रोलपेक्षा महागच. तुमच्या कोल्हापूर-नगरच्या कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो, परदेशातून तेल कमी आणावं लागतं, हे फायदे खरे आहेत. पंपावरच्या दरात ते उतरत नाहीत.

शिवाय अॅव्हरेज. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. शंभरातले वीस भाग तसे झाले तर एकूण ऊर्जा सहा-सात टक्के कमी, शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर. दहा टक्क्यांच्या मिश्रणातून वीसकडे आलात तर तीन-साडेतीन टक्के. पन्नास देणारी बाइक अठ्ठेचाळीसवर आली तर ते याच हिशेबात बसतं. ई-20 साठी बांधलेल्या नव्या इंजिनात त्याचा काही भाग भरून निघतो, कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो आणि इंजिन तसं जुळवलेलं असतं. पन्नास देणारी एकदम चाळीसवर आली तर मात्र इथेनॉलला दोष देऊ नका, गाडी किंवा पेट्रोल तपासा.

आणि ते 95, 100 वालं महाग पेट्रोल?

ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची पेट्रोलची ताकद. ताकदवान, जास्त दाबाच्या इंजिनाला ती लागते. 100 ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलनं देशातल्या दहा शहरांत आणलं, त्यात चंडीगड होतं आणि पुणे-मुंबईही. लिटरला दीडशेच्या वर. साध्या स्कूटरला ते घालून फार काही मिळत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ऑक्टेन घाला, त्याहून वरचा पैसा पाण्यात जातो.

टाकीत पाणी म्हणालात. ते कसं येतं आणि कसं कळतं?

पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीच्या झाकणातून झिरपतं. पूर्वीच्या नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी तळाला वेगळं बसायचं आणि तिथेच राहायचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडंसं पाणी मिश्रणात जिरून जातं आणि गाडीला काही होत नाही. त्याहून जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. मग तळाला पाणी-इथेनॉलचा थर आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल. हा थर चढत चढत पाइपाच्या तोंडापर्यंत आला की तो तुमच्या गाडीत जातो. गाडी पंपावरून निघून किलोमीटर-दोन किलोमीटरवर झटके देते किंवा बंद पडते, आणि एक नाही, मागून आलेल्या तीन-चार गाड्या तशाच. तसं घडलं की आम्ही विक्री थांबवून कंपनीला कळवायचं असतं. रोज सकाळी डिपच्या कांडीला पाणी शोधणारी पेस्ट लावून टाकीत सोडतो. पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. इथेनॉलच्या मालासाठी पेस्टही वेगळी असते, जुनी चालत नाही.

गिऱ्हाईक पंपावर काय मागू शकतं?

तीन गोष्टी, आणि मागितल्या की नाही म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, त्यात भरून बघा. पाच लिटरमागे 25 मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं, त्याहून जास्त नाही. फिल्टर पेपर मागा. नोझलचं तोंड पुसून एक थेंब पेट्रोल टाका, दोन मिनिटांत उडून गेलं पाहिजे. डाग राहिला तर रॉकेलसारखं जड काही मिसळलंय. हा कागद पाणी किंवा इथेनॉल दाखवत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

तिसरी, डेन्सिटी. जारमध्ये पेट्रोल, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर. समजा 30 अंशाला 742 आलं. पेट्रोल गरम झालं की फुगतं, म्हणून तक्त्यावरून ते 15 अंशावर आणायचं. येतं साधारण 755. टँकरच्या चलनावर 754 लिहिलं असेल तर ठीक आहे. वर-खाली तीनपर्यंत चालतं. आठ-दहाचा फरक आला तर माल आमच्या टाकीत उतरवायचाच नाही. चलनावरचा आणि आजचा आकडा पंपावर लिहून ठेवलेला असतो, गिऱ्हाइकानं नुसता वाचला तरी चालेल.

घरी इथेनॉल मोजता येतं का?

येतं. मोकळ्या हवेत, आसपास विस्तव, गॅस, विडी काही नको. शंभर मिलिलिटरचा आखणी केलेला काचेचा सिलिंडर घ्या. 50 पेट्रोल, 50 साधं पाणी. बूच लावून हलवा, मधे मधे बूच सैल करून वाफ जाऊ द्या, मग दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 50 वरून साधारण 60 ला गेला असेल तर 50 मध्ये 10, म्हणजे वीस टक्के. 55 ला थांबला तर दहा टक्के. एखाद्या मिलिलिटरची चूक अपेक्षित धरा, त्यावर भांडू नका. 65 च्या पुढे गेला तर मात्र पंपाचं बिल, तारीख आणि वेळ लिहून कंपनीकडे तक्रार द्या. अशा तक्रारीवर टाकीतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि पाणी मोरीत ओतू नका, पाण्यानं आगीचा धोका जात नाही.